एकोणीस वर्षांची रेणू

माझी पिठाची गिरणी आहे. त्यामुळे गावात कोण कसं आहे हे मला माणसांच्या तोंडापेक्षा त्यांच्या डब्यांवरून लवकर कळतं. काही जणी आल्याआल्या आपला डबा सगळ्यांच्या पुढे सरकवतात आणि वर मलाच विचारतात, गोजराक्का, नंबर कुणाचा? आशाबाईचा डबा मात्र कायम शेवटी. ती आधी आलेली असली तरी मागून कुणी जरा घाई आहे म्हणालं की ही गुपचूप डबा मागे घ्यायची. मी कितीदा तरी तिच्यावर खेकसले असेन. ती हसायची आणि म्हणायची, मला कुठं जायचंय. गरीब स्वभावाची बाई, असं लोक कौतुकानं म्हणत. मला त्या कौतुकाचा राग यायचा आणि अजून येतो.

आशाबाईच्या सासरची माणसं मूळची मेंढरंवाली. सासरा बिरू होता तोवर घरातली अर्धी माणसं मेंढरांमागे गोदावरीच्या कडेनं फिरत असायची. रेणूचा जन्मही असाच एका तळावर झाला, पालात, पैठणच्या अलीकडे कुठेतरी. त्यामुळे आमच्या ग्रामपंचायतीत तिच्या जन्माची नोंदच नाही. नवरा अपघातात गेला, मेंढरं विकली गेली, आणि आशाबाई कापूस वेचायला, सोयाबीन काढायला लोकांच्या रानात जाऊ लागली. घरातला शब्द मग धाकट्या दिराचा, कारभारीचा. नाव तेच आणि काम तेच. मनानं वाईट म्हणणार नाही मी त्याला, पण भावाची पोर उजवून मोकळं व्हायची त्याला फार घाई होती.

रेणू अकरावीला होती, घनसावंगीच्या कॉलेजात. दोन वेण्या, आकाशी कुर्ता, पांढरी ओढणी, पाठीवर दप्तर. सकाळी जीपमध्ये कोंबून जायची आणि संध्याकाळी तशीच परत यायची. तिचं अंग अजून भरलं नव्हतं. दळण घेऊन आली की डबा डोक्यावर घेताना मलाच हात लावावा लागायचा.

वाटूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा सत्ताविशीचा, घरची ओलिताची शेती. कारभारीनं त्यांना सांगितलं की पोरीला एकोणिसावं लागलंय. ते लोकही काही दूधखुळे नव्हते, पण त्यांनी ऐकून घेतलं. मग फोटो पाहिजे म्हणाले. चुलतीची जरीची साडी, गळ्यात उसना दागिना, केस मोकळे सोडलेले, आणि स्टुडिओवाल्यानं तिच्या चेहऱ्यावर एवढा उजेड पाडला की सावळी रेणू पार गोरीपान झाली. आशाबाईनं तो फोटो मला गिरणीत दाखवला. मी म्हणाले, ही कोण बाई? ती हसली, पण फोटो पुन्हा पदरात घेताना तिनं एकदा नीट बघितला.

आणि एक दिवस संध्याकाळच्या जीपमधून रेणू उतरली नाही.

आशाबाई रस्त्यावर उभी राहिली, मग मैत्रिणींच्या घरी गेली. त्यांनी सांगितलं, रेणू आज वर्गात आलीच नव्हती. ती पळत माझ्याकडे आली. आपण आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाऊ, असं मी म्हणत होते तोच कारभारी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं ठाम होतं. कुणाला काही कळू द्यायचं नाही. कुणी विचारलं तर मावशीकडं गेलीय म्हणायचं. वाटूरच्या लोकांच्या कानावर गेलं तर सोयरीक तर मोडेलच, पण घराची अब्रू जाईल. आणि पोलीस तरी चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेतातच कुठं?

मग सुरू झाले ते चोरटे फोन. आजकाल हरवलेली पोर शोधायची हीच आमच्याकडची रीत झाली आहे. पाहुण्यांना फोन लावायचा, पाऊसपाणी विचारायचं, म्हशीचं विचारायचं, आणि मध्येच सहज विचारल्यासारखं करायचं, रेणू आलीय काय तुमच्याकडं? म्हणजे ज्याला खरंच काही ठाऊक असेल त्यालाही आपण काय विचारतोय ते कळू नये. ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार त्यात गेली. तेवढ्या वेळात माणूस कुठल्या कुठे जातं. मी गप्प बसले नाही, पण माझं कुणी ऐकलंही नाही.

शेवटी मीच पोलीस पाटलाला, काकासाहेबांना, आशाबाईच्या दारात आणून उभं केलं. ते कारभारीवर आवाज न चढवता म्हणाले, “चोवीस तासांचा असला काही नियम न्हाई. माणूस दिसंना झालं की त्याच घटकेला जायचं. कोणत्याबी ठाण्यात गेलास तरी त्यांना घ्यावंच लागतंय, हद्द कुणाचीबी असो. चला, मी येतो.”

आम्ही चौघं गेलो. ठाण्यात आशाबाई बाकाच्या टोकावर बसली, जणू ती जागाही दुसऱ्या कुणाची होती. तपास राधेश्याम नावाच्या हवालदाराकडे आला. मध्यम वयाचा, वहीवर मान घालून बोलणारा माणूस. उंची किती, बांधा कसा, रंग कसा, अंगावर काय कपडे, कुठं तीळ, कुठं जुनी जखम, सोबत काय नेलं, फोन आहे का, घरात काही बोलाचाली झाली का, कुणावर संशय आहे का. विचारत होता आशाबाईकडे बघून, आणि उत्तरं देत होता कारभारी. घरात भांडण नाही, संशय कुणावर नाही. वय विचारलं तेव्हा तो म्हणाला, एकोणीस पूर्ण.

मी आशाबाईकडे बघितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली मान घातली. माझ्या जिभेवर शब्द आला होता, पण पोर तिची होती, आणि आई समोर बसलेली असताना मी काय बोलणार, असं मला वाटलं. राधेश्यामनं आधार कार्ड मागितलं. कारभारी म्हणाला, कॉलेजात दिलंय, आणून देतो. फोटो मागितला तर त्यानं खिशातून तो स्टुडिओतला काढून दिला.

मिसिंग दाखल झाली, तिची प्रत मिळाली. राधेश्यामनं पुढचं समजावून सांगितलं. वर्णन आणि फोटो बिनतारी संदेशानं सगळ्या ठाण्यांना जाईल. बसस्टँडचे कॅमेरे बघू, दवाखाने बघू. पोरीकडे फोन नाही, म्हणून आईच्या फोनवरून तिनं कुणाला फोन केले त्याची माहिती वरून मागवू. मग जरा थांबून म्हणाला की मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ती सापडली आणि घरी यायचं नाही म्हणाली, तर तिचा जबाब घेऊ आणि ती सुखरूप आहे एवढं तुम्हाला कळवू. जबरदस्तीनं आणता येणार नाही, आणि तिची इच्छा नसेल तर पत्ताही सांगता येणार नाही. आशाबाईनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि कारभारीनं खोकल्यासारखं केल्यावर मिटलं.

राधेश्याम बसून राहिला असं मी म्हणणार नाही. घनसावंगीच्या स्टँडवर, अंबडच्या स्टँडवर तो हाच फोटो घेऊन फिरला. रसवंतीवाल्याला दाखवला, कंडक्टरांना दाखवला. कुणीही ओळखलं नाही. अशी बाई उतरली असती तर लक्षात राहिलं असतं, असं एक कंडक्टर म्हणाला म्हणे. बरोबरच होतं त्याचं. अशी बाई त्याच्या गाडीत बसलीच नव्हती.

पुढच्या काही दिवसांत आशाबाई वाळत गेली. रानात जाईना, चूल पेटवीना. मी भाकरी नेऊन दिली तर ती तशीच झाकलेली सापडायची. एकदा मला म्हणाली, रेणूनं जायच्या आदल्या दिवशी तिला विचारलं होतं, माय, तू काकाला सांगशील का? आणि आपण म्हणालो होतो, बघू, आता शब्द दिलाय त्यांनी. तेवढंच बोलली आणि शेळ्यांना पाणी पाजायला उठली.

मग ठाण्यातून फोन आला. नदीकडच्या भागात एका विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं होतं. ओळख पटलेली नव्हती, वय अंदाजे वीस. वर्णन थोडंफार जुळतंय, म्हणून घरच्यांनी येऊन बघावं. ज्याचं माणूस मिसिंग आहे त्याला असा फोन करावाच लागतो, त्यात त्यांची चूक नाही. कारभारी म्हणाला, मी बघून येतो, बाईमाणसाचं काम नाही. त्यावर आशाबाई पहिल्यांदाच त्याच्यापुढे चालत जीपकडे गेली.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिला नेलं तेव्हा मी दारापर्यंत तिच्या सोबत होते. आत राधेश्याम होता. तिनं बघितलं. बराच वेळ बघत राहिली, इतका की मला वाटलं, संपलं सगळं. मग ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, ही न्हाई. आणि लगेच रडायला लागली, त्या अनोळखी बाईसाठी. कुणाची तरी हाये गं ती, हातात बांगड्या हायेत, कुणी हुडकून राह्यलं का न्हाई तिला, असं काहीबाही बोलत राहिली. मलाही रडू आवरलं नाही.

राधेश्याम पाणी घेऊन आला. आशाबाईनं ते घेतलं नाही. तिनं त्याला विचारलं की मला हिला बघायला का बोलावलं. तो म्हणाला, बाई, वय जुळत होतं, विशीची पोर, म्हणून.

आशाबाई उभी राहिली. कारभारी शेजारीच होता, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

“साहेब, माझी रेणू सोळाची हाये,” ती म्हणाली. “एकोणीसची कोणी रेणू न्हाईच. लग्न जुळवायसाठी आम्ही वय वाढवून सांगितलं. तुमाला बी तेच सांगितलं. मी तिथं बसले होते आन् बोलले न्हाई.”

कारभारी वयनी, वयनी करत मध्ये पडला. पोरगी हरवल्यामुळं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंही म्हणाला. राधेश्यामनं त्याला हातानंच थांबवलं. मी आयुष्यात पोलिसाचा चेहरा इतका उतरलेला पाहिला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, वयाचा काही पुरावा? आशाबाई म्हणाली, शाळेच्या दाखल्यावर एक जून लिहिलंय, गुरुजींनी सगळ्यांचंच लिहिलं, पण साल खरं हाये. तळावर जन्मली म्हणून नोंद नसंल, मला तर ठाऊक हाये ना.

त्यानंतरचं सगळं झटपट झालं, आणि ते झटपट होताना बघूनच मला जास्त राग येत होता, कारण हे पहिल्याच दिवशी झालं असतं. ठाण्यात उपनिरीक्षक मॅडम होत्या. त्यांनी आशाबाईला समोर बसवून फिर्याद घेतली. अपहरणाचा गुन्हा दाखल होतोय म्हटल्यावर कारभारी चिडला, म्हणाला, कोण पळवणार तिला, रुसून गेली असंल. मॅडमनी त्याला सांगितलं की पोर अठराच्या आतली असली की ती रुसून गेली का कुणी नेली हे आपण ठरवायचं नसतं. ती सापडेपर्यंत कुणीतरी तिला पळवलं आहे असंच धरून शोधायचं, कायदा तसा आहे. सज्ञान माणसाची मिसिंग असते, लेकरू हरवलं की गुन्हाच दाखल होतो. काही महिन्यांत सापडली नाही तर तपास मानवी तस्करीच्या शाखेकडे जातो. सोळा वर्षांची पोर एकटी बाहेर आहे म्हटल्यावर बाल कल्याण समितीला कळवायचं, हरवलेल्या मुलांच्या पोर्टलवर तिचं नाव चढवायचं, आसपासच्या जिल्ह्यांतल्या बालगृहांना विचारायचं. बालगृहांना विचारायचं आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या बाईला बालगृहात कोण शोधेल?

मग मॅडमनी फोटो उचलला. ही तीच का, म्हणाल्या. आशाबाईनं मान डोलावली. ती घरून निघताना जशी दिसत होती तसा फोटो आहे का? माझ्या फोनमध्ये होता. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात पोरींनी काढलेला, रेणू कडेला उभी, दोन वेण्या, ऊन डोळ्यावर म्हणून तोंड वाकडं केलेलं. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. राधेश्याम पुटपुटला की मी इतके दिवस भलत्याच बाईला शोधत होतो.

आशाबाईनं शेवटी विचारलं की माझ्यावर केस होईल का. मॅडमनी तिला खोटा धीर दिला नाही. लग्न लागलेलं नाही, म्हणून आज तो गुन्हा नाही, पण ग्रामसेवकाला कळवणार, दोन्ही घरांना नोटीस जाणार, आणि अठराच्या आत लग्न लावलं तर लावणारे, ठरवणारे, जेवायला बसणारे सगळे अडकतील. आशाबाई म्हणाली, लिहा साहेब, माझं नाव बी लिहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा पट्टा तुटला म्हणून मी तो बसवत होते, तेव्हा आशाबाई आली आणि दारातच बसकण मारली. फोन तिच्या हातात होता. तिनं मला सांगितलं की रेणू आहे. जिवंत आहे. छत्रपती संभाजीनगरला मुलींच्या बालगृहात आहे. पहिल्या दिवसापासून तिथंच होती.

झालं होतं ते असं. रेणू जालन्याला जाऊन रेल्वेत बसली होती. संभाजीनगरच्या फलाटावर एकटी बसलेली रेल्वे पोलिसांना दिसली. युनिफॉर्म, दप्तर आणि वेण्या बघून त्यांनी तिला चाइल्डलाइनच्या ताब्यात दिलं. तिथून तिला समितीसमोर नेलं आणि समितीनं बालगृहात ठेवलं. तिनं नाव सांगितलं शालू, गाव भलतंच सांगितलं. ते लोक त्या भलत्या गावात शालूचे आईबाप शोधत बसले, आणि इकडे आम्ही साडीतली एकोणीस वर्षांची बाई शोधत बसलो. खरा फोटो आणि खरं वय गेल्यावर बालगृहातल्या ताईनं तोंड वाकडं केलेली पोर एका नजरेत ओळखली.

संभाजीनगरला मी सोबत गेले. महिला पोलिसांनी रेणूचा जबाब आधीच घेतला होता. कुणी फूस लावली नव्हती, कुणी नेलं नव्हतं, कुणी त्रासही दिला नव्हता. ती लग्नाला भिऊन आपल्या पायानं निघाली होती. आता आईच्या ताब्यात द्यायचं का नाही, हे समिती ठरवणार होती, आणि पोरीला काय वाटतं हेही विचारणार होती. आईनं जाऊन पोर घेऊन यायची असं नसतं ते, हे मला तिथंच कळलं.

रेणूला आणलं. आशाबाईनं तिला पोटाशी धरलं. पोरीनं धरू दिलं, पण तिचे हात खालीच राहिले. समितीच्या बाई समोर बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला वेळ दिला.

रेणूनं फक्त एक विचारलं. “माय, पोलिसांत माझं वय काय सांगितलं?”

मला वाटलं, आशाबाई सोळा म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. खोटं तर नव्हतंच ते.

“आधी एकोणीस,” आशाबाई म्हणाली. “काका बोलला, मी चूप बसले. मंग एक मेलेली बाई बघायला नेलं मला. तिथून सोळा सांगितलं.”

रेणू तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे हात वर आले आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दोघी रडल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, आता घरी जायचं.

पण घरी जायचं का, असं समितीच्या बाईंनी विचारलं तेव्हा रेणूनं डोळे पुसले आणि नाही म्हणून मुंडी हलवली. “तुझ्यावर राग न्हाई, माय,” ती म्हणाली. “पन घर अजून काकाचंच हाये. मला इथंच शिकू द्या. अठराची झाले की मी येईन, माझी मी.”

आशाबाईनं काही मागितलं नाही, विनवण्या केल्या नाहीत. समितीच्या बाईंना तिनं विचारलं, भेटायला येऊ देता का? त्या हो म्हणाल्या, आणि प्रकरण आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे गेलं की मुलीला जालन्यातच ठेवता येईल, भेटायला जवळ पडेल, असंही म्हणाल्या. परत येताना बसमध्ये आशाबाई खिडकीशी बसली, मी तिच्या मागच्या बाकावर. पोर सापडली होती आणि शेजारची जागा रिकामी होती.

गुन्ह्याचा तपास यथावकाश बंद होईल, कारण पळवणारा कुणी सापडायचाच नाही. कारभारी आजही मला रस्त्यात दिसला की मान वळवतो. वाटूरच्या लोकांनी दुसरी पोरगी बघितली म्हणे, तिचं वय त्यांना कुणी काय सांगितलं देव जाणे.

परवा गिरणीत गर्दी होती. आशाबाईचा छोटा डबा रांगेत मध्ये होता, एकटीचं दळण ते किती असणार. एक पाहुणी बाई आली आणि आपला डबा हिच्या पुढे सरकवू लागली. आशाबाईनं तो उचलला आणि मागे ठेवला. बाई जरा ओशाळली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, तुमची पोरगी दिसंना, दिली का कुठं? केवढी झाली आता?

गिरणी चालू होती. आशाबाईनं पट्ट्याच्या आवाजाच्या वर आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“सोळाची हाये. जालन्याला शिकून राह्यली.”

मी तिचा डबा घेतला आणि दळायला टाकला.